खोकलं की गळतं, पण गोळी दिलीय घाईच्या लघवीची. चालू ठेवू का?

यवतेश्वर_पायथा (सोमवार, रात्री ९:४०)

नाव लपवून लिहिते आहे, कारण साताऱ्यात निम्मं गाव ओळखीचं. वय ५३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पाळी जाऊन तीन वर्षं झाली.

दीड वर्षापासून शिंकलं, खोकलं, पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी गळते. शाळेत दर तासाला बाथरूमला जाऊन येते. तिथे गळलं तर मुलांसमोर उभी कशी राहणार? एका डॉक्टरांना सांगितलं, "सारखं जावं लागतं आणि गळतं." त्यांनी लघवी तपासली, जंतू नाहीत, साखर नॉर्मल. मग सॉलिफेनासिन ५ लिहून दिली. दोन महिने झाले. तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही आणि शिंकल्यावर गळायचं ते गळतंच. मैत्रीण म्हणते गोळ्यांपेक्षा व्यायाम कर. नणंद म्हणते वय झालं, पॅड लाव आणि गप्प बस.

गोळी चालू ठेवू का? की माझा आजारच वेगळा आहे?

चहाबाज (९:५२)

नणंदेला आधी शाळेत बसवा.

बापू_कोरेगाव (१०:०५)

ताई, आमचंबी तसंच हाय. रातीत चार वेळा उठतोय, धार बारीक, संपली असं वाटतच न्हाय. बायको म्हणती शेताला पाणी पाजायला निघालाय का काय. वय ६६. ही गोळी मलाबी चालंल का?

कृष्णाकाठची (१०:३०)

बापू, तुम्ही तेवढी ती गोळी कुणाकडून मागून घेऊ नका. बारीक धार आणि पूर्ण न झाल्याची भावना म्हणजे पुरुषांत पहिला संशय प्रोस्टेटचा. लघवी पिशवीत साठून राहत असेल तर ही गोळी पिशवीचा जोर आणखी कमी करते आणि लघवी तुंबू शकते. आधी सोनोग्राफीत लघवी झाल्यानंतर किती उरते ते बघून घ्या. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन गोष्टींची खिचडी होईल.

ताई, मी मिरजेत फिजिओथेरपी करते, याच कामात बारा वर्षं आहे. औषध बंद-चालू करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण तुमच्या पोस्टमध्येच दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डॉक्टरांपाशी त्या एका वाक्यात गेल्या, असं मला वाटतं.

लघवीची पिशवी आपणहून, नको तेव्हा आवळली की एकदम घाई होते आणि बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत निघून जाते. तिथे पिशवीला शांत करणारी गोळी कामाची. खोकल्या-शिंकेला गळतं ते पिशवीच्या दोषाने नाही. पोटात दाब वाढतो आणि खालचं झाकण तो दाब पेलू शकत नाही. पिशवी शांत केली म्हणून झाकण घट्ट होत नाही. तुमच्या शिंकेला गोळीचा उपयोग झाला नाही, यात मला नवल वाटत नाही.

पण सरळ "व्यायामच करा" असंही म्हणणार नाही. दर तासाला का जाता ते कळलं पाहिजे. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, किती झाली (जुना मापाचा मग किंवा प्लास्टिकचा ग्लास चालेल), काय आणि किती प्यायलात, गळलं तेव्हा नेमकं काय करत होता आणि आधी घाई होती का. दोन शाळेचे दिवस आणि एक रविवार घ्या.

अर्धवट_वैद्य (१०:४४)

एवढं काय वहीत लिहायचं? सोपा उपाय सांगतो. रोज लघवी करताना मध्येच थांबवायची, परत सोडायची, परत थांबवायची. आमच्या आत्याचं असंच बरं झालं. आणि पाणी कमी प्यायचं, आत आलंच नाही तर बाहेर येणार कुठून? संध्याकाळी सहानंतर चहा बंद.

कृष्णाकाठची (१०:५८)

वैद्यबुवा, चहाचं बरोबर. बाकीचं अर्धं तुमच्या नावाला शोभणारं.

मध्येच थांबवून बघणं हे कुठला स्नायू आवळायचा ते एकदा ओळखण्यासाठी ठीक आहे. रोजचा व्यायाम म्हणून नको, कारण पिशवी पूर्ण रिकामी होण्याची सवय बिघडते. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जळजळते आणि घाई उलट वाढते. दिवसाला दीड लिटरच्या आसपास पोटात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात जास्त.

सुनंदा_विश्रामबाग (११:१०)

मी सांगलीची, वय ५९. व्यायामाचं एवढं कौतुक नको. मी चार महिने केले, काडीचा फरक नाही. गोळीनेच बरं वाटलं.

माझं असं होतं: शिंकले, खोकले, गणपतीच्या देवळात गर्दीत दाबले गेले तरी एक थेंब नाही. पण नळ सोडला की संपलं. कुलपात किल्ली घातली की संपलं. दिवसाला १४ वेळा, रात्री चार वेळा. पहिल्या गोळीने, टॉल्टेरोडिनने, तोंडाचं वाळवंट झालं. मग मिराबेग्रॉन दिली, तिच्यात कोरड नाही. पण डॉक्टरांनी आधी बीपी बघितलं, ते फार चढलेलं असेल तर देत नाहीत. फरक कळायला सहा आठवडे लागले. महागडी आहे, ते मात्र खरं.

कृष्णाकाठची (११:२५)

सुनंदाताई, तुमची केस आणि या ताईंची केस शेजारी शेजारी ठेवली की फरक आपोआप दिसतो. तुम्हाला शिंकून थेंब नाही पण घाईने गळतं, त्यांना घाई नसताना शिंकून थेंब. गोळी तुम्हाला लागू पडणार आणि त्यांना नाही, हे म्हणूनच.

व्यायामाचं एक विचारते. आवळताना तुम्ही श्वास रोखून खाली जोर देत होता का? माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका आवळण्याऐवजी ढकलतात, शौचाला बसल्यासारख्या. तसे चार महिने केले तर फरक न पडलेलाच बरा.

सुनंदा_विश्रामबाग (११:३१)

आता विचार करते... हो. पुस्तकात चित्र बघून करत होते. तोंड लाल व्हायचं.

चहाबाज (११:३३)

काकू, तो व्यायाम नव्हता, ती कुस्ती होती.

रानजाई (मंगळवार, सकाळी ७:२०)

विषयाला सोडून थोडं. सासूबाई ७८ वर्षांच्या. डॉक्टरांनी "पिशवीचा त्रास आहे" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "ती तर मी चाळिशीतच काढली!" गर्भपिशवी समजल्या.

हसण्यावारी गेलं ते गेलं, पण पुढे ऑक्सिब्युटिनिन सुरू झाली आणि महिन्याभरात विसरायला लागल्या. दुपारी विचारायचे, सकाळ झाली का. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या. झोपेसाठीची एक, खाजेची एक आणि ही, तिघींचा परिणाम एकाच दिशेचा. दोन बंद केल्या, पंधरा दिवसांत बऱ्याच सावरल्या. म्हणून सांगते, घरात वयस्कर माणूस असेल तर या गटातली गोळी देताना बाकीच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. काचबिंदू असेल तर तेही आधी सांगा.

यवतेश्वर_पायथा (रविवार, रात्री ८:१५)

वही लिहिली. मुलाला सांगितलं प्रयोगशाळेचा मग आहे, हात लावायचा नाही.

शाळेच्या दोन्ही दिवशी ११ वेळा गेले. पहाटेची ३५० मिली, पण दिवसभरातल्या सात वेळा १३० मिलीच्या आत, दोनदा तर ८०. आज रविवारी घरी होते: ३८०, २९०, ३१०, २६०, २४०, १८०. फक्त सहा वेळा! रात्री एकदाही उठले नाही.

गळण्याचं: तीन दिवसांत नऊ वेळा. सात खोकताना-शिंकताना किंवा बादली उचलताना, थोडेच थेंब, आधी घाई नाही. दोन वेळा शाळेतून येऊन दार उघडताना, तेव्हा मात्र जोराची घाई आणि जास्त गळलं.

अजून एक. कोरडा खोकला फार आहे, रात्री जास्त. वहीत लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं की दिवसातून किती वेळा खोकते.

कृष्णाकाठची (९:०५)

ही वही सोन्याची आहे. रविवारी तुमची पिशवी आरामात ३०० मिली धरते, रात्रभर तर आणखी. म्हणजे पिशवी लहान झालेली नाही आणि फार चिडलेलीही नाही. शाळेत ८० मिलीला जाता ते घाईमुळे नाही, गळेल या भीतीने "आधीच जाऊन येऊ" म्हणून जाता. ही सवय वर्षभर चालली की पिशवीला १०० मिलीलाच सूचना देण्याची खोड लागते. कुलपाजवळच्या त्या दोन वेळा तिथूनच आल्या असाव्यात. म्हणजे मुख्य दोष झाकणाचा आणि त्यावर थोडी घाईची भर. दोन्ही एकत्र असणं नेहमीचंच.

एक खात्री करून घ्या. पिशवी भरलेली असताना उभं राहून, खाली टिश्यू धरून, एकदाच जोरात खोका. त्याच क्षणी थेंब आले आणि थांबले तर झाकण. खोकल्यानंतर पाच-दहा सेकंद थांबून मोठी धार आली तर खोकल्याने पिशवीच आवळली. बाहेरून सारखं दिसतं, आणि दुसऱ्या प्रकारात ऑपरेशनसुद्धा फसतं.

खोकल्याबद्दल विचारते. बीपीची गोळी घेता का? कोणती?

यवतेश्वर_पायथा (९:१८)

रामिप्रिल. दोन वर्षं झाली. खोकून बघितलं, त्याच क्षणी, थेंबभर.

कृष्णाकाठची (९:३६)

दोन वर्षांपूर्वी गोळी, दीड वर्षापासून गळणं. रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. स्वतःहून बंद करू नका, बीपी चढेल. पण डॉक्टरांना हेच वाक्य सांगा, ते खोकला न करणाऱ्या गटातली गोळी देऊ शकतात. दिवसात ५० वेळा खोकलं तर ५० वेळा त्या झाकणावर हातोडा बसतो. शिवाय सॉलिफेनासिनने पोट घट्ट झालंय म्हणता. शौचाला कुंथणं हा त्याच स्नायूंवरचा दुसरा हातोडा.

व्यायाम असा: गॅस रोखतो तसं मागून आवळायचं, मग ते पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायचं आणि आत वर उचलायचं. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. जितके सेकंद धरवतं तितकंच धरा, सुरुवातीला तीनच असतील. पूर्ण सैल सोडा. अशा आठ वेळा, दिवसात तीनदा, आणि किमान तीन महिने. दुसऱ्या आठवड्यात फरक शोधत बसू नका. एकदा तरी प्रशिक्षित फिजिओकडून तपासून घ्या, म्हणजे ढकलता की उचलता हे कळेल.

आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. बादली उचलण्याआधीही तसंच.

शाळेसाठी: सध्या तासाने जाता ना? पहिला आठवडा सव्वा तासाने. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा, अडीच-तीन तासांवर थांबा. मध्ये घाई आली तर धावू नका. बसा किंवा स्थिर उभ्या राहा, पाच-सहा वेळा पटपट आवळा-सोडा. घाई लाटेसारखी असते, मिनिटभरात ओसरते. ओसरल्यावर चालत जा. पळत गेलात की पोटावर दाबही वाढतो आणि पिशवीलाही कळतं की हिला पळवता येतं.

घाटाखालची (९:५०)

मी वेगळं सांगते. व्यायाम दोन वर्षं केले, खोकल्याचं गळणं थोडंच कमी झालं. शेवटी जाळीची पट्टी बसवून घेतली, मूत्रमार्गाखालून. त्यानंतर शिंकून एक थेंब नाही. पण आधी अधूनमधून घाई व्हायची ती तशीच राहिली, उलट पहिले काही महिने जास्त वाटली. मला वाटलं होतं ऑपरेशनने दोन्ही जाईल. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

अर्धवट_वैद्य (१०:०१)

मग खोकल्याच्या गळण्यावर गोळी नाहीच?

कृष्णाकाठची (१०:१४)

डुलोक्सेटिन म्हणून एक आहे, काही देशांत यासाठी वापरतात. थेंब कमी होतात, पण मळमळीने पुष्कळ जणी सोडून देतात. व्यायामाच्या आधी ती कुणी सुचवत नाही. पाळी गेलेल्यांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन मलम घाईला थोडी मदत करतं. तेही डॉक्टरांना विचारूनच. बाकी गोळ्यांचं खातं सगळं घाईचं.

सुनंदा_विश्रामबाग (१०:२०)

म्हणजे मी गोळी आयुष्यभर घ्यायची?

कृष्णाकाठची (१०:२७)

तसं मी सांगू शकत नाही. काहींची, पिशवीला वेळेची सवय लागल्यावर, गोळी हळूहळू सुटते, काहींची नाही. तुम्ही वेळ वाढवायचं कधी केलंच नाही. डॉक्टरांशी बोलून सहा आठवडे गोळीसोबत करून बघा.

चहाबाज (१०:३१)

प्रश्न: शाळेत ताई दोन कप चहा घेतात का? स्टाफरूमचा चहा हे कारण मान्य करायला मला जड जातंय.

यवतेश्वर_पायथा (१०:४०)

चार कप. वहीत लिहिलेत.

यवतेश्वर_पायथा (अकरा आठवड्यांनी, शनिवार)

धागा वर आणते आहे. काय काय झालं ते सांगते, कारण मला इथे उत्तर मिळालं होतं.

डॉक्टरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी तीन मिनिटं वाचली आणि म्हणाले, "हे आधी दाखवायला हवं होतं." बीपीची गोळी बदलली. तीन आठवड्यांत खोकला जवळपास गेला. तेवढ्यानेच गळणं निम्म्यावर आलं, व्यायामाचा त्यात किती वाटा ते सांगता येत नाही. सॉलिफेनासिन त्यांनी थांबवली, पोट ताळ्यावर आलं.

फिजिओकडे एकदा गेले, साताऱ्यातच. मी पण ढकलत होते! पहिल्या दिवशी फक्त चार सेकंद धरता आलं, आता आठ.

शाळेत अडीच तासांवर आले आहे. पहिला आठवडा वाईट गेला, दोनदा गळलं, एकदा तास अर्ध्यावर सोडला. आता मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाआधी जाते. चहा दोन कप. परवा शिवशाहीने स्वारगेटपर्यंत न उतरता गेले, हे मी वर्षभर टाळत होते.

राहिलं काय तर अचानक आलेली शिंक. आवळायला वेळच मिळत नाही. आणि कुलूप. घराचं कुलूप अजून जिंकतंय, आठवड्यातून एकदा तरी.

घाटाखालची (शनिवार)

पट्टी बसवायची वेळ आली तर मला विचारा. घाई करू नका म्हणेन.

बापू_कोरेगाव (शनिवार)

ताई, म्याबी दाखवून आलो. सोनोग्राफीत निम्मी लघवी आतच उरतीया म्हणाले. प्रोस्टेटच निघालं. ती गोळी तवा मागितली नसती तर बरं झालं असतं, न्हाय मागितली तेच बरं झालं.

चहाबाज (शनिवार)

बापू, वाक्य परत वाचा.

सुनंदा_विश्रामबाग (शनिवार)

ताई, कुलपासाठी एक करून बघा. मी गोळीसोबत वेळ वाढवायला सुरुवात केली तेव्हा दारात आले की किल्ली काढायच्या आधी पायरीवर बसून पाच वेळा आवळायचे, मग किल्ली. शेजारीण विचारते, रोज पायरीवर काय शोधता? चप्पल झटकते म्हणून सांगते.

यवतेश्वर_पायथा (शनिवार)

सोमवारी करून बघते. आमच्याकडे पायरी नाही, लिफ्ट आहे. लिफ्टमध्येच आवळते.